चौमाशातलं भाडं

साहेब, तुम्ही शालिकरामचं सलून बुडवायला निघालात. कुलूप घेऊन नाही, कागद घेऊन. आणि बरोब्बर आषाढात. वैशाखात हाच माणूस खिशात नोटा घालून तुमच्या खात्याच्या खिडकीशी उभा होता, "पुढचं भाडं आत्ताच घेऊन घ्या" म्हणत होता. तेव्हा तुमचा बाबू म्हणाला, "मागणी निघाल्याशिवाय पैसे घेता येत नाहीत." आता मागणी निघाली. अख्ख्या वर्षाचं भाडं, एकरकमी, आठ दिवसांत. नाहीतर गाळ्याला सील.

रामदासपेठेच्या कोपऱ्यावरचा तो तुमच्या खात्याचा गाळा. दोन खुर्च्या, दोन आरसे. एका खुर्चीमागे शालिकराम, दुसरीमागे नत्थूजी. लगनसराईत एकजण दुकान सांभाळायचा, दुसरा जानोशाच्या घरी, म्हणजे वऱ्हाड उतरतं तिथं जाऊन नवरदेवाची आणि वऱ्हाडाची दाढी करायचा. नत्थूजीचा हात असा हलका की लोक त्याच्या नावानं आगाऊ बयाणा देत. आषाढी झाली की लग्नं थांबायची, श्रावणात अर्धे लोक वस्तऱ्याला शिवत नसत, पितृपक्षात तर आरशात फक्त माश्या. मग तुळशीचं लग्न लागेपर्यंत गाळा कसा चालायचा? डालडाच्या डब्यावर. सराईतल्या कमाईतला वाटा शालिकरामची बायको प्रयागबाई डब्यात टाकायची, आणि चौमासाभर शनिवारी त्यातून नत्थूजीला ठरलेली रक्कम मिळायची, गिऱ्हाईक येवो न येवो. त्याबदल्यात ऐन सराईत जास्त पैसे दाखवणाऱ्याकडे नत्थूजी जात नसे. कागदावर काही नव्हतं. शब्द होता.

यंदा अधिक जेठ आला, त्यात लग्नं लागत नाहीत. ऐन सराईतला महिना कोरडा गेला, तुम्ही न घेतलेले पैसे घरखर्चाला गेले, डबा निम्माच भरला. वरून तुमचा कागद.

त्या दिवसापासून शालिकराम रस्त्याकडे तोंड करून बसू लागला. खाकी सदरा दिसला की हात थांबायचा. एकदा पोस्टमन पाहूनच त्याच्या हातून वाटी पडली.

"काय झालं गा शालिकभाऊ?" नत्थूजीनं विचारलं.

"काही नाही. साबणाचा हात."

नत्थूजी वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला. मग हळूच म्हणाला, "जरीपटक्याच्या सलूनवाल्याचा मनुष्य आला होता काल. मले म्हणे, चौमाशातही रोजचे पैसे देतो. मी म्हटलं, आमचा शब्द आहे." तो हसला. "शब्दानं पोट भरून राहिलं आहे सध्या."

शालिकराम पुन्हा रस्त्याकडे पाहू लागला. कागदाचं सांगावं की न सांगावं?

तो तुमच्याकडे आला, साहेब. हात जोडून म्हणाला, चार हप्ते करा, तुळशीच्या लग्नानंतर व्याजासकट भरतो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुळशीचं लग्न सरकारी कॅलेंडरात नाही." बाबू खो खो हसले.

घरी प्रयागबाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. "अजी, यातलं हे गाठ मारलेलं फडकं वेगळं आहे बरं. बाबारावच्या पोराचा बयाणा. मार्गशीर्षातल्या लग्नाचा, नत्थूजीच्या नावानं दिलेला. तो आपला नाही अजून."

"माहीत आहे मले."

"मग काहून त्या फडक्याकडेच पाहून राहिले?"

भाडं भरलं तर नत्थूजीचे शनिवार गेले. शनिवार राखले तर गाळ्याला सील, आणि गाळाच नाही तर नत्थूजी बसेल कोणत्या खुर्चीमागे? शेवटी त्यानं बयाण्याचं फडकं तेवढं डब्यात ठेवलं आणि बाकी सगळं तुमच्या खिडकीत ओतलं. पावती मिळाली. छातीवरचा धोंडा उतरेल असं त्याला वाटलं होतं. उतरला नाही.

शनिवारी नत्थूजी हात धुऊन उभा राहिला. शालिकरामनं पावती दाखवली.

नत्थूजीनं ती उलटसुलट पाहिली. "ही घरी चुलीवर शिजते का गा?"

"तुळशीच्या लग्नापर्यंत थांब, नत्थूजी."

"लेकरं थांबत नाहीत." तो चिडला नव्हता, तेच भयंकर होतं. त्यानं पट्टा गुंडाळला, वस्तरे पेटीत घातले. दारात वळून म्हणाला, "बाबारावले सांगजो, माह्या नावाचा बयाणा तुह्यापाशी आहे."

आता गाळा उघडा आहे. दुसऱ्या खुर्चीवर पांढरं फडकं घातलंय, आणि शालिकराम तिकडे पाहायला घाबरतो. घरी डब्यात बाबारावचे पैसे आहेत. ते परत केले तर गावभर होईल की नत्थूजी गेला, आणि पुढचे बयाणे येणार नाहीत. ठेवले तर मार्गशीर्षात एकाच मुहूर्ताला दुकानही उघडं हवं आणि नवरदेवापुढेही माणूस हवा. हात मात्र दोनच.

वैशाखात तो पैसे घेऊन आला होता, तेव्हा तुम्ही ते का घेतले नाहीत, साहेब? आणि मार्गशीर्षात नवरदेव पाटावर बसल्यावर वस्तरा कोण धरील? सांगा. आम्ही, त्याची गिऱ्हाईकं, थांबलोय.