सोमवारची जुनी प्रत

ज्या माणसाचं वाटोळं व्हावं असं आपल्याला मनापासून वाटतं, त्याचीच चौकशी आपल्या हाती यावी, असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तिच्या वाट्याला ते बुधवारी आलं, तेही साहेबांनी खुर्ची ओढून, चहा मागवून, हसतमुखाने हातात दिलं.

ती सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. प्रोग्रामर जे बनवतील ते वापरून बघायचं, उलटंपालटं करायचं आणि चुका शोधायच्या, हे तिचं काम. ऑफिसात तिला चाळणी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि आवडतही होतं.

"तो अपॉइंटमेंटचा टास्क," साहेब म्हणाले. "सात वेळा रीओपन झालाय. वरपर्यंत बोंब गेलीय."

तिला सांगायची गरज नव्हती. सातही वेळा तो तिनेच रीओपन केला होता, म्हणजे बंद झालेला पुन्हा उघडून परत पाठवला होता, आणि दर वेळी त्या बटणावर बोट ठेवताना तिला जेवणानंतर गोड खाल्ल्यासारखं वाटलं होतं. काम साधं होतं. दवाखान्याच्या ॲपमध्ये पेशंटने अपॉइंटमेंट रद्द केली की ती वेळ दुसऱ्यासाठी मोकळी व्हावी. प्रोग्रामर दुरुस्त करायचा, ती तपासायची, चालतंय म्हणून टास्क बंद करायची. आणि थोड्या दिवसांनी बघावं तर वेळ पुन्हा अडकलेलीच.

"असं का होतंय ते शोधा आणि सोमवारी कंपनीच्या मोठ्या बाईंसमोर मांडा. माणूस ठेवायचा की नाही ते त्या तिथेच ठरवतील." साहेबांनी आवाज खाली घेतला. "तुमच्याकडेच का दिलं, कळलं ना? तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

कळलं होतं. तो प्रोग्रामर तिचा दीर होता. म्हणजे लग्न होतं तोवर होता. घटस्फोटानंतर वर्षभराने तो याच कंपनीत लागला आणि पहिल्या दिवशी तिला बघून असा दचकला, की तिचा तो अख्खा आठवडा आनंदात गेला. तेव्हापासून तो तिला मॅडम म्हणायचा.

तिचा राग नवऱ्यापेक्षा या धाकट्यावर जास्त होता, आणि त्याला कारण होतं. नवरा मऊ माणूस. आईच्या घरी राहायला जायचं नाही, तू नोकरी सोडू नकोस, हे सगळं तो गुरुवारपर्यंत कबूल करायचा. शनिवार-रविवार आई आणि धाकट्याकडे जायचा आणि सोमवारी परत यायचा तो पार वेगळा माणूस होऊन. "धाकटा म्हणतो, आता झुकलास तर कायमचा झुकशील," असं एकदा भांडणात त्याच्या तोंडून निसटलंही होतं. मग पुन्हा पहिल्यापासून समजूत, पुन्हा गुरुवार, पुन्हा शनिवार. आणि शेवटच्या बैठकीत, दोन्हीकडची मंडळी बसलेली असताना, हाच धाकटा म्हणाला होता, "वहिनींना चांगल्यातसुद्धा खोट दिसते. टेस्टर आहेत ना." सगळे हसले होते. तिची आई खाली मान घालून बसली होती. ती मान तिच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती आणि जाऊ द्यायचीही नव्हती.

तेव्हा बुधवारी ती जागेवर आली ती बाह्या सरसावूनच. टास्कचा सगळा इतिहास तिने उघडला. कधी बंद झाला, कधी रीओपन झाला, कुणी काय लिहिलं. तिला हवं होतं एकच वाक्य: हा माणूस काम न बघता टाकतो. त्यासाठी पुरावे गोळा करायचे, की सोमवारी धाकट्याचं गाठोडं बांधून मोकळं.

पण चाळणी ती चाळणी. पहिल्या पाच वेळचं रीओपन होणं सोमवारी सकाळचं निघालं. तक्रार पाचही वेळा तीच: वेळ मोकळी होत नाही. आणि टास्क बंद व्हायचा बुधवारी किंवा गुरुवारी, तिनेच तपासून. शेवटच्या दोन तक्रारी मात्र वेगळ्या होत्या. वेळ मोकळी होत होती, पण पेशंटला रद्द झाल्याचा मेसेज दोनदा जात होता, आणि त्या आठवड्याच्या मधल्या वाराच्या होत्या.

हे तिला आवडलं नाही. निष्काळजी माणूस कुठल्याही वारी चुकतो. वार बघून चुकणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

दुपारी ती धाकट्याच्या टेबलाशी गेली. तो कंपनीत लागल्यापासूनच्या चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"पाचही वेळा नक्की काय बदललंस?"

त्याचे डोळे तारवटलेले होते. "मॅडम, पहिल्यांदा केलं तेच बरोबर होतं. माझ्या मशीनवर चालत होतं."

"हे वाक्य तर प्रत्येक प्रोग्रामर झोपेतही म्हणतो."

"माहीत आहे. म्हणून तर नंतर म्हणायचं सोडलं. तुम्ही रीओपन केलंत की मी आणखी काहीतरी घालायचो. सुचेल ते. काय बिघडलंय तेच दिसत नव्हतं, पण गप्प कसं बसणार?"

"आणि मेसेज दोनदा जायला लागला."

बरोबर असलेलं पुन्हा पुन्हा दुरुस्त करायला गेलं की ते खरंच बिघडतं, हे तिला त्याच्या तोंडावरच दिसलं. तिला त्याची कीव आली नाही. अजिबात नाही. पण तोंडाशी आलेला घास कुणीतरी हळूच मागे ओढतंय असं मात्र वाटलं.

मग सोमवारच्या आधी काय येतं? शनिवार-रविवार. त्याच्या आधी शुक्रवार. चहाच्या मशीनपाशी तिने सर्व्हर सांभाळणाऱ्याला गाठलं.

"शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंगच्या सर्व्हरवर काही करतोस का रे?"

"डेमो चढवतो," तो साखर ढवळत म्हणाला. "क्लायंट शनिवार-रविवारी बघतो ना. नव्यात अर्धवट स्क्रीन असतात, ते दिसायला नकोत, म्हणून साहेब जुनी प्रत चढवायला सांगतात. डेमोला वेगळा सर्व्हर मागा म्हटलं होतं. साहेब म्हणाले, वर कशाला सांगायचं, भागतंय की."

"आणि सोमवारी काढतोस?"

"मला कुणी सांगितलं तर काढेन. मंगळवार-बुधवारी नवं काही आलं की आपोआप बदलतंच ते."

ती चहा न घेताच परत आली. म्हणजे सोमवारी सकाळी ती तपासत होती ती जुनी प्रत, धाकट्याने हात लावायच्याही आधीची. दुरुस्ती तिथे दिसणार कशी? ती रीओपन करायची, तो घाबरून नवं काही घालायचा, ते सर्व्हरवर चढलं की जुनी प्रत जायची, आणि सगळं चालायला लागायचं. पुन्हा शुक्रवार येईपर्यंत. कुठली आवृत्ती आहे ते लॉगिनच्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं. पाचही वेळा तिने तिकडे बघितलं नव्हतं. धाकट्याचा टास्क म्हटल्यावर तिला कोपरा कशाला दिसेल? पण त्यानेही बघितलं नव्हतं. आणि टास्कमध्ये ते लिहायला जागाच नव्हती, कुणी कधी ठेवलीच नव्हती.

आता खरी मजा होती. हे तिच्याखेरीज कुणी जुळवलेलं नव्हतं. तिने तोंड मिटलं असतं आणि नुसते सात आकडे मांडले असते, तर धाकटा सोमवारी दुपारी नोकरी गमावून, टेबलावरच्या सामानाचं खोकं घेऊन जिना उतरला असता. गुरुवारभर ती त्या खोक्याची कल्पना करत राहिली. खरं सांगायचं तर फार गोड कल्पना होती ती.

पण शुक्रवारी साहेब जाता जाता तिच्या टेबलाशी थांबले. "झालं ना तयार? जोरात हाणा. तुमचा हिशोबही चुकता होईल."

तेव्हा तिला लख्ख दिसलं. साहेबांना डेमोची गोष्ट ठाऊक होती. हवा होता फक्त एक बळीचा बकरा, आणि त्याला हाणायला एक चिडलेली बाई. पुन्हा एकदा कुणीतरी तिच्या खोट काढण्याच्या सवयीचा स्वतःसाठी सोयीस्कर उपयोग करून घेणार होतं. तिचा राग जागचा हलला नाही, फक्त त्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं.

सोमवारी बैठकीत मोठ्या बाई, साहेब, सर्व्हरवाला आणि टेबलाच्या टोकाला धाकटा. तिने पडद्यावर ॲप उघडलं, अपॉइंटमेंट घेतली, रद्द केली. वेळ अडकलेलीच राहिली.

"बघितलंत?" साहेब म्हणाले.

"बघू या की," ती म्हणाली, आणि पडद्याचा खालचा कोपरा मोठा केला. "ही आवृत्ती दोन महिन्यांपूर्वीची आहे. हिच्यात याची दुरुस्ती नाहीच." मग सर्व्हरवाल्याकडे वळली. "नवी चढव."

चढायला पाच-सात मिनिटं लागली. साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच खाली ठेवली. नवी आवृत्ती चढली. तिने तीच अपॉइंटमेंट घेतली, रद्द केली. वेळ मोकळी झाली. टेबलावरचा तिचा फोन दोनदा वाजला.

"सातपैकी पाच वेळा चूक नव्हतीच," ती म्हणाली. "जुनी प्रत तपासून मी टास्क रीओपन केला. आवृत्ती बघितली नाही, ही माझी चूक. काय बिघडलंय ते न बघता यानं ठिगळं लावली, त्यानं मेसेज दोनदा जातोय, ही याची. पण दर शुक्रवारी टेस्टिंगच्या सर्व्हरवर जुनी प्रत चढते आणि सोमवारी तिथे बसणाऱ्याला कुणी सांगत नाही, ही आमच्या दोघांची नाही. माणूस बदललात तरी टास्क रीओपन होतच राहील."

"जुनी प्रत कुणाच्या सांगण्यावरून चढते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

तिने नुसतं साहेबांकडे बघितलं, हसतमुखाने. बाकीच्यांनीही बघितलं. मोठ्या बाई साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही थांबा. बाकीचे जा."

धाकट्याने तिला जिन्यात गाठलं.

"वहिनी," तो म्हणाला. कंपनीत आल्यापासून पहिल्यांदा. "तुम्ही मनात आणलं असतं तर... आज तुमच्यामुळे वाचलो. कसे आभार मानू?"

"आभार नकोत. एक सांग. तू दर आठवड्याला बरोबर काम करत होतास. मधल्या दोन दिवसांत कुणीतरी जुनी प्रत चढवायचं. सोमवारी सगळे म्हणायचे, हिचंच, म्हणजे तुझंच, काहीतरी चुकतंय. कसं वाटलं?"

"वेड लागायची पाळी आली होती. वाटायचं, खरंच माझ्यातच खोट आहे."

"हं," ती म्हणाली. "शनिवार-रविवारी तुझा भाऊ कुठे असायचा रे?"

झुकलास तर कायमचा झुकशील, हे आपणच म्हटलेलं धाकट्याला आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरत गेला तो उतरतच राहिला. त्याने कठडा धरला. ती शांतपणे बघत होती. खोकं घेऊन तो जिना उतरला असता तर दोन दिवसांत दुसरी नोकरी मिळवून विसरला असता. हे तो विसरणार नव्हता.

"वहिनी, मी तेव्हा..."

"मला नको सांगूस. माझ्या आईला जाऊन सांग. पत्ता तोच आहे."

ती वर आली, जागेवर बसली आणि टास्क उघडला. मेसेज अजून दोनदा जात होता. तिने आठव्यांदा रीओपन केला, त्याच्या नावावर टाकला, आणि या वेळी पहिल्याच ओळीत आवृत्ती लिहिली.