दाखल्यातली जास्तीची ओळ

डॉक्टरकाकांना एक खोड होती. फिटनेसचा दाखला मागितला की ते पेशंटची कुंडलीच मांडून ठेवत. लपवाछपवी त्यांना जमत नसे आणि त्याची त्यांना भारी ऐट होती. लहानपणापासून त्यांच्याकडे येणाऱ्या चिमीच्या दाखल्यावर त्यांनी लिहिलं, ‘अपस्माराचा त्रास, गोळ्या चालू, तीन वर्षांत झटका नाही, नर्सिंगसाठी तंदुरुस्त.’

नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात ‘अपस्मार’च्या पुढे कोणी वाचलंच नाही. प्रवेश अडकला. उद्या मुदत संपणार होती, म्हणून काका दवाखाना बंद ठेवून तिच्याबरोबर प्राचार्यबाईंसमोर येऊन बसले. आजाराच्या नावावरून पोरीची वाट अडवतात म्हणजे काय, म्हणून त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता.

बाईंनी शांतपणे विचारलं, “पेशंटला इंजेक्शन देताना हिला झटका आला तर?”

प्रश्न रास्त होता. काकांचा पारा उतरला.

“शक्यता फार कमी आहे. काम झेपेल तिला. फक्त झोप मोडलेली चालणार नाही, सलग रात्रपाळ्या देऊ नका. पण एवढंच विचारा ना! आजाराचं नाव ऑफिसभर कशाला?”

“आम्ही कुठे मागितलं?” बाईंनी कॉलेजचा छापील नमुना पुढे सरकवला. “काम झेपेल का आणि काही सोय लागेल का, एवढंच विचारलंय. तुम्ही तो भरलाच नाहीत, स्वतःच्या लेटरहेडवर लिहून पाठवलंत. आमच्या माणसानं त्यावरून अडवायला नको होतं, हे मात्र खरं.”

काकांनी नमुना पाहिला आणि ते ओशाळले. आपल्याच हातानं पोरीच्या पायावर धोंडा पाडला होता.

“आणि कावीळ-बीची लस?” बाईंनी विचारलं. “रक्ताशी संबंध येतो, ती आम्ही मागणारच.”

“मागायलाच हवी. पहिला डोस झालाय. दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी.”

“मग प्रवेश द्यायला हरकत नाही. वॉर्डात पाठवायच्या आत तिन्ही पूर्ण करा.” बाईंनी जुना दाखला काकांना परत केला. “हा फाइलला राहणार नाही.”

काकांनी नमुना पुढे ओढून पेन उघडलं आणि सवयीनं ते सगळंच लिहायला निघाले.

“काका,” चिमी म्हणाली, “शाळेला तुम्ही सांगितलंत, सहलीच्या सरांना सांगितलंत, शेजारच्या काकूंनाही सांगितलंत. काळजीनंच सांगितलंत, माहीत आहे मला. पण मला कधी विचारलंत का?”

काकांचा हात थांबला. एवढा प्रामाणिक माणूस, पण तिला विचारावं हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

“काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“रात्रपाळीचं लिहा. ते खरं आहे. आजाराचं नाव मी सांगेन, वॉर्डातल्या सिस्टरना आणि होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीला. मी पडले तर काय करायचं, ते त्यांना कळायला हवं.”

काकांनी दोन ओळी लिहिल्या. बाईंनी कागदासाठी हात पुढे केला, पण काकांनी तो आधी चिमीसमोर ठेवला. तिनं वाचून मान हलवली, तेव्हाच त्यांनी सही केली.