पॉइंट सहा माणूस

"ताई, आज संध्याकाळी त्यांना फोन करायचाय. हो म्हणायचं की नाही, एवढंच," असं म्हणून नानाने परत मायक्रोस्कोपात डोकं घातलं.

नाना म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचा सगळ्यात जुना टेक्निशियन. दुसऱ्या लॅबने त्याला बोलावलं होतं, पगारही जास्त. त्याचं म्हणणं एकच, "मला पैसे नकोत, एक माणूस वाढवा, मी हलत नाही." आणि लॅबप्रमुख मी, म्हणजे माणूस आणायचा मी. नाना गेला तर लॅबचा कणाच मोडतो, हे मला काय कळत नव्हतं?

डायरेक्टरसाहेबांची वेळ तीनची. मी दोन वाजल्यापासून येरझाऱ्या घालत होते. खुर्चीत टेकले की पाय हलायला लागायचा.

"ताई, पाय आवरा, इमारत हलतेय," नाना म्हणाला.

"तू गप रे! तुझ्याचसाठी चाललंय."

साहेबांसमोर मी कागद मांडले आणि एका दमात बोलत सुटले. प्रत्येक तपासणीला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजलेलं. पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या, मशीनची रोजची पडताळणी, सगळं त्यात धरलेलं. रजा आणि आजारपण वजा जाता एक माणूस खरोखर किती तास हाताशी असतो, तेही काढलेलं. हिशेब स्पष्ट होता: माणसं हवीत सात पॉइंट चार, आहेत सहा.

"आणि खर्च?"

"ओव्हरटाइम आणि बाहेरच्या लॅबला पाठवावे लागणारे नमुने मिळून वर्षाला नऊ लाख जातात. नवा माणूस सगळं धरून सहा लाखांत पडतो आणि ते नऊ लाख वाचतात. पहिले काही महिने तो शिकेल, म्हणून पहिल्या वर्षी बचत दीडच लाख धरलीय. पुढे दरवर्षी तीन."

मला वाटलं, जिंकलो आपण! साहेबांनी पेन्सिल उचलली आणि कडेला आकडे मांडायला लागले. माझा पाय परत सुरू.

"तुमचे सहा जण. ओव्हरटाइमचे तास म्हणजे अर्धा माणूस. बाहेर पाठवता ते काम पॉइंट तीन. झाले सहा पॉइंट आठ." त्यांनी वर पाहिलं. "काम सात पॉइंट चारचं, आणि रिपोर्ट तर सगळे वेळेवर. मग उरलेला पॉइंट सहा माणूस कुठाय? एक तर तुमची मिनिटं फुगवलेली आहेत, नाहीतर कुणीतरी लपलंय."

मी भडकलेच. "मिनिटं फुगवलेली नाहीत! उद्या येऊन स्वतः घड्याळ लावा."

"मग लपलंय कोण?"

रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन नमुन्यांचे ट्रे उरकणारी मी. जेवणाच्या सुट्टीतही बेंचवर नमुने तपासत बसणारी मी. हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. प्रमुखाने नळ्या हाताळायच्या नसतात ना! शिवाय आतून गुर्मीही होती, माझ्या लॅबचा रिपोर्ट उशिरा जात नाही म्हणून.

"मी," एवढंच म्हणाले.

"म्हणजे सगळ्यात महागडा टेक्निशियन तुम्ही. आणि तुमचं स्वतःचं काम? गुणवत्तेचा अहवाल दोन महिने आला नाही."

लाज वाटली, आणि रागही आला. एवढी मरमर करून वर हे ऐकायचं! पण खोटं काय होतं त्यात?

साहेबांनी सही केली. "एक माणूस मंजूर. तरी पॉइंट चार कमीच पडणार. उद्यापासून तुम्ही बेंचवर बसायचं नाही. तातडीचे नमुने आधी काढा, बाकीचे उशिरा गेले तर जाऊ द्या आणि तो उशीर नोंदवा. तुम्ही झाकत राहिलात तर मला तो कधी दिसणारच नाही."

मी धावतच खाली आले. "नाना, मिळाला! कर फोन, नाही म्हणून सांग!"

नाना काही हसला नाही. "आणि तुम्ही?"

"माझं काय?"

"तुम्ही बेंचवरून उठणार का?"

मी साहेबांची अट सांगितली. तेव्हा कुठे त्याने फोन काढला आणि दोन वाक्यांत विषय संपवला. मग म्हणाला, "ताई, मी तो माणूस माझ्यासाठी मागत नव्हतो. रोज उभ्याउभ्या घास कोंबणारं माणूस बघवत नव्हतं मला."

समोर साध्या नमुन्यांचा भरलेला ट्रे होता. सवयीने हात हातमोज्यांच्या डब्याकडे गेला. नानाने डबा उचलून आपल्या बाजूला ठेवला.

"उद्यापासून म्हणालेत ते," मी म्हणाले.

"आजपासून."

मी टेबलाशी जाऊन बसले आणि रखडलेला अहवाल उघडला. ट्रे तिथेच होता, माझा पाय थडथड हलत होता. नानाने एकदा वळून पाहिलं.

"हलू द्या," तो म्हणाला. "पण उठू नका."