लिंबोणीला पाजलेला सोडा

आमचे हे, म्हणजे शिवशंकरराव, वसमतला ठिबकचं दुकान चालवतात. ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून काय करावं, यावर आखाडा बाळापूरपर्यंत जाऊन भाषणं देतात. घरात मात्र मोरीची जाळी तुंबली तर मलाच हाक मारतात.

अंगणात माझी लिंबोणी आहे. सात वर्षांत तिनं एक लिंबू दिलं नव्हतं, आणि ह्यांना तिथं गाडीसाठी पत्र्याचं शेड हवं होतं. महाशिवरात्रीला ह्यांनी निकाल दिला: यंदा जूनपर्यंत धड जगली तर राहील, वाळली तर थावरा कुऱ्हाड घेऊन येईल. झाडं तोडणाऱ्या थावराला तेव्हाच सांगूनही ठेवलं. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते प्यायला पुरत नाही. मी म्हटलं, कपडे धुण्याच्या मशीनचं पाणी तरी द्या तिला. तेवढं मात्र ह्यांनी हौसेनं केलं. मशीनचा पाइप ड्रममध्ये सोडला आणि ड्रमला दुकानातली जुनी ठिबकची नळी लावून ती लिंबोणीभोवती फिरवली.

आठ दिवसांत नळी ठप्प. कपड्यांचा पिंजलेला धागा तोट्यांच्या बारीक भोकांत जाऊन बसला. थेंब टपकायचा, पुन्हा थांबायचा, उरलेलं पाणी ड्रमवरून सांडून नालीत जायचं आणि तळाशी राहिलेलं कुजून वास मारायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, दुकानातून वेळ मिळाला की बघतो. डोकंच फिरलं माझं. मशीनच्या पाइपच्या तोंडाला जुना मोजा बांधला, म्हणजे धागा त्यातच अडकेल. ड्रम घासला, तोट्या काढून टाकल्या, नळीला करंगळीएवढी भोकं पाडली. आता पाणी त्याच दिवशी सगळं झाडाला जायचं. ठिबकवाल्याच्या बायकोनं ठिबक मोडून पाणी चालू केलं, हे मी गल्लीभर सांगून आले.

पंधरा दिवसांत लिंबोणीची पानं कडेनं करपली. मग गळायला लागली. बुडाची काळी माती वरून पांढुरकी, कडक झाली, तिच्यात पाणी मुरेना. मला रडूच आलं. तुंबलेल्या नळीवर हिरवी होती, आणि मी चांगलं पाणी पाजलं तर वाळत चालली! हे म्हणाले, “मी म्हटलं व्हतं, पाण्याचं काम तुझं न्हाई.”

हळदीचे दिवस होते. हे आमच्या शेतात हळद शिजवून परतले आणि तसेच पिवळ्या हातांनी ड्रममध्ये पाणी किती आहे ते चाचपायला गेले. हात बाहेर काढला तर लालभडक. कोणत्या साडीचा रंग गेला म्हणून मलाच विचारायला लागले.

मी एका जुन्या साडीवर ढकललं. पण रंग कुठल्याच साडीचा नव्हता. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे बावीस वर्षं ह्यांचे सदरे धुणाऱ्या मला कळणार नाही तर कुणाला? ह्यांना सदरा पांढराशुभ्र लागतो. म्हणून मी मशीनमध्ये दर वेळी पावडरीबरोबर मूठभर धुण्याचा सोडा टाकत होते. तो खार सगळा मुळांत. नळी तुंबली होती तोवर तुंबल्यामुळंच झाड वाचलं होतं, आणि मी मोठ्या अकलेनं वाट मोकळी करून दिली होती.

कुणाला न सांगता सुधारलं. रोजच्या धुण्यातला सोडा बंद. कमी खाराचा पातळ साबण आणला. फारच मळलेले सदरे सोड्यानं धुवायचे त्या दिवशी पाइप सरळ नालीत. प्यायच्या पाण्यातले चार हंडे ओतून माती धुतली, बुडापासून हातभर दूर आळं केलं, त्यात उसाचं पाचट टाकलं. हे सदऱ्यांवर पिवळे डाग बघून कुरकुरायला लागले, तर उन्हानं कापड पिवळं पडतं म्हणून ठोकून दिलं.

जून लागला. फांद्यांवर चारदोन कोंब होते, बाकी सगळ्या काड्या. आणि महाशिवरात्रीचा निरोप लक्षात ठेवून थावरा बराबर हजर झाला. ह्यांनी त्याला चहा दिला आणि झाड दाखवलं. थावरानं बुंध्यावर हात फिरवला. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसापुढं मी कधी माझी चूक कबूल केली नव्हती.

“तोडू नका. ती आपली आपण न्हाई वाळली. मीच तिला सोडा पाजला. चूक माझी हाय.”

 ह्यांचा चेहरा हळूहळू असा फुलला की लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. थावराला म्हणाले, “जा बाबा तू. हे झाड आता आमी ठेवतो.”

शेडचा विषय पुन्हा निघाला नाही. श्रावणात लिंबोणी हिरवी झाली. आता आल्यागेल्या प्रत्येकाला हे हाताला धरून तिच्यापाशी नेतात आणि पहिल्यापासून सगळं, माझ्या कबुलीसकट, सांगतात. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा घरी आणतात. मी आत चहा ठेवते आणि ऐकून घेते.