कामाचा धूर

नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता, सरकारी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या तपासणी कक्षात, चौतीस वर्षांच्या एका वाद्यकारागिरावर खोटेपणाचा आरोप ठेवण्यात आला. आरोप ठेवणारी त्याची पत्नी होती. पुरावा होता लघवीच्या तपासणीचा अहवाल. आणि पणाला लागली होती त्याच्या उजव्या हाताची तर्जनी.

हा कारागीर थोरल्या भावाच्या दुकानात पेटीसारखी भात्याची वाद्ये दुरुस्त करीत असे. वादक मंडळी त्याला 'कानसेन' म्हणत, आणि ते थट्टेने नव्हे. पितळी स्वरपट्टी टोकाकडे खरवडली की स्वर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. ही विद्या कोणीही शिकेल. किती खरवडायचे हे मात्र कान सांगतो, आणि पट्टीवर उरलेली, स्वर बिघडवणारी कंगोऱ्याची सूक्ष्म धार तर्जनीच्या टोकाला कळते. या दोन इंद्रियांवर त्याचे घर उभे होते.

दुखणे पायातून सुरू झाले होते. वर्षभरापूर्वी दोनशे पावले चालले की तळव्याची कमान पेटू लागे. त्याने बुटांना दोष दिला, बूट बदलले. पुढे पोटरीवरच्या शिरा लाल दोऱ्यांसारख्या सुजल्या आणि आपोआप बसल्या. मग पायाच्या अंगठ्याच्या टोकाला जखम झाली, ती भरेना. पाय आडवा ठेवला की कळ इतकी वाढे की तो खुर्चीत बसून, पाय खाली सोडून, डुलक्या काढी. उन्हाळ्याच्या अखेरीस हाताची बोटे थंड पाण्यात पांढरी, मग निळी पडू लागली आणि उजव्या तर्जनीच्या टोकाला वाटाण्याएवढा व्रण पडला.

शल्यचिकित्सक बाईंनी पहिल्याच भेटीत त्याला मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या होत्या. मूठ उघडवून एक धमनी सोडली, तरी तळहात मेणासारखा पांढराच राहिला. साखर नाही, चरबी नाही, हृदय धडधाकट. रक्तात रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात मात्र मनगटाच्या आणि घोट्याच्या खालच्या बारीक धमन्या ठिकठिकाणी तुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्यांच्याभोवती स्क्रूसारखे पिळवटलेले पर्यायी धागे. बाईंनी सांगितले होते की तंबाखूमुळे या धमन्यांना आतून दाह होतो, त्यांत रक्ताच्या गुठळ्या धरतात; एवढ्या बारीक वाहिन्यांना जोड देता येत नाही; औषधाने वेदना कमी होईल, पण रोग थांबवणारी गोष्ट एकच. दिवसाला तीस सिगारेटी ओढणाऱ्या माणसाने एकही ओढायची नाही. तंबाखू चघळायची नाही, निकोटिनची गोळी किंवा पट्टीसुद्धा नाही.

त्याने सोडली होती. निदान त्याचे तसे म्हणणे होते. पहिले पंधरा दिवस तो घरात वेड्यासारखा फिरला, पत्नीवर खेकसला, मग शांत झाला. पायाची जखम आकसली. पण दोन महिन्यांनी तर्जनीचे टोक काळे पडले, मधल्या बोटालाही व्रण झाला. आणि आज अहवाल सांगत होता की शरीरात निकोटिनचा अंश आहे, आणि तो गेल्या दोन-चार दिवसांतलाच आहे.

"खिसे तपासले, गादीखाली पाहिलं, स्कूटरची डिकी पाहिली," पत्नी डॉक्टरांकडे पाहत म्हणाली. "आता कुठे लपवतात तेवढं विचारा त्यांना. मला तर कंटाळा आला बाई पोलीस होण्याचा."

त्याने मुलीची शपथ घेतली. पत्नीने मुलीला यात ओढायचे नाही असे बजावले. बाईंनी दोघांनाही गप्प केले आणि त्याला सकाळपासूनचे काम क्रमाने सांगायला लावले.

कामाविषयी विचारले की तो खुलत असे. वाद्य आले की आधी भाता तपासायचा, हे त्याने सांगितले. भात्याला सुईएवढी गळती असली तरी पुढचा सूर लावणे फुकट. गळती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून झडप उघडून भात्यात धूर फुंकायचा, झडप लावून हलके दाबायचे. जिथून धुराचा धागा निघेल तिथे खडूची खूण. वडील असेच करीत, दादाही पूर्वी असेच करी.

"धूर कशाचा?" बाईंनी विचारले.

"सिगारेटचा. दुसरा कुठला इतका दाट..." तो थांबला. मग वाद घालणाऱ्या माणसाच्या सुरात म्हणाला, "पण ती ओढायची नसते. कामाची असते. छातीत घेत नाही मी. तोंडात घेतो आणि फुंकतो. दिवसाला तीन-चार वाद्यं, म्हणजे फार तर दोन सिगारेटी."

पत्नी हसली. त्या हसण्यात आनंदाचा लवलेश नव्हता. ज्या माणसाला तिने खोटारडा ठरवले होते, तो खरे बोलत होता. आणि खोटे बोलला असता तर बरे झाले असते; निदान बोट कशाने जाते आहे हे त्याला ठाऊक तरी असते.

बाईंनी आवाज चढवला नाही. तोंडाच्या अस्तरातूनही निकोटिन रक्तात उतरते, आणि दिवसाला दोन सिगारेटी हा रोग पेटता ठेवायला पुरेशा असतात, हे त्यांनी तीस वर्षांच्या शिळ्या थकव्याने सांगितले. "तुम्ही ती कशासाठी पेटवली, हे धमनीला कळत नाही," त्या म्हणाल्या. ज्यांनी बोट काळे पडण्याआधी पूर्णपणे सोडली, त्यांचे अवयव बहुधा वाचतात. त्याने जवळजवळ सोडली होती, आणि या 'जवळजवळ'ची किंमत काय ते त्याच्या हातावर दिसत होते.

पुढच्या आठवड्यात त्याला शिरेतून औषधाचे थेंब रोज सहा तास देण्यात आले. भावाने दुकानातला सिगारेटचा साठा फेकून दिला. भात्याच्या सांध्यांवरून साबणाचे पाणी फिरवले तरी बुडबुडा दिसतो, हे दोघांनाही ठाऊक होते. साबणाने भात्याचे कातडे फुगते, असा धाकट्याचा आक्षेप होता, आणि तो खराही होता. भाऊ म्हणाला, फुगू दे.

जानेवारीत लघवी स्वच्छ आली. फेब्रुवारीतही. पायाचा अंगठा भरला, मधल्या बोटाचा व्रण सुकला, आणि तो पुन्हा आडवा झोपू लागला. मेलेले पेर मात्र परत येण्यासारखे नव्हते. उजव्या तर्जनीचा शेंडा पहिल्या सांध्यापासून काढावा लागला.

मार्चमध्ये तो बाकावर परतला. भावाने एक जुने वाद्य त्याच्यापुढे ठेवले आणि मुद्दाम दुकानाच्या दर्शनी भागात जाऊन बसला. कानसेनाने मधल्या बोटाने पट्टी चाचपली. ते बोट वाचले होते, पण त्याच्या टोकाला व्रणाची टणक खूण होती. त्याला पट्टीचा थंडपणा कळला, धार कळली नाही. त्याने खरवडले, वाजवून पाहिले, पुन्हा खरवडले. स्वर चढला तेव्हा बुडाशी खरवडून उतरवला. उतरला तेव्हा टोकाशी खरवडून चढवला. दुपारपर्यंत चार पट्ट्या कागदासारख्या पातळ झाल्या आणि पाचवी तुटली. चूक कुठे होते आहे हे त्याला प्रत्येक वेळी अचूक ऐकू येत होते.

भाऊ आत आला. उभ्यानेच त्याने भाता ओढला, एकेक स्वर दाबत वरपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. मग झडप लावून वाद्य बाकावर ठेवले.

"सुराचं काम आता तुझ्या हातून होणार नाही," तो म्हणाला. "उद्यापासून भाते चिकटवायला बस."