उखर्डूच्या कुशीचा कागद

धुळ्याच्या दवाखान्यात मी आया होते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला अक्षर आलं. शिकवलं मंजुळानं, नर्सिंगच्या पोरीनं. दुपारी कपडे घड्या घालताना ती मला गिरवायला द्यायची.

हे त्र्याण्णव सालचं. मंजुळा प्रात्यक्षिकात दोनदा नापास झालेली. त्या दिवशीची परीक्षा ही तिची शेवटची संधी होती. हुकली असती, तर तिला साक्रीला घरी परत जावं लागलं असतं.

परीक्षेच्या चिठ्ठीत तिला उखर्डूचा पलंग आला. उखर्डू ट्रकवरून पडलेला, कमरेखाली काही कळायचं नाही. निजून निजून माकडहाडावर जखम झालेली, म्हणून पाठीवर निजवायचं नाही. दोन-दोन तासांनी एकदा डावी कूस, एकदा उजवी. कूस बदलायची आणि पलंगाला टांगलेल्या कागदावर लिहायचं, हे काम माझं.

लिहायला मला फार वेळ लागायचा. म्हणून त्या दिवशी सकाळी सहालाच, त्याला डाव्या कुशीवर घातल्यावर, मी दुपारपर्यंतचं सगळं लिहून टाकलं. सहा डावी, आठ उजवी, दहा डावी, बारा उजवी. वळवायचं तर आहेच, असं मनाशी म्हटलं. साडेसातला मला बाळंतिणींच्या वॉर्डात फरशी धुवायला बोलावलं. आठ तिथंच वाजून गेले.

परत आले तेव्हा दहाला दहा कमी होते. पलंगापाशी नाशिकच्या परीक्षक बाई उभ्या होत्या. मंजुळा हात धुऊन ट्रे घेऊन उभी. मी दाराशीच थांबले. 

"ही जखम कितव्या पायरीची?"

"दुसऱ्या, मॅडम. वरची कातडी गेलीय, उथळ आहे, तळ गुलाबी आणि ओलसर आहे. पिवळा थर नाही."

"वर काळी खपली असती तर?"

"मग पायरी सांगता आली नसती. खपली निघून तळ दिसेपर्यंत."

"ड्रेसिंग?"

"मिठाच्या पाण्यानं धुवायची. पॅराफिन लावलेली जाळी, वर कापडाची कोरडी घडी. स्पिरिट नाही, आयोडीन नाही. जखम ओलसर राहिली पाहिजे."

बाईंनी मान हलवली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "खालचा खुबा बघा."

मंजुळानं उखर्डूला जरा उचलून डाव्या खुब्याला हाताची मागची बाजू लावली. मग उजव्याला. मग परत डाव्याला. उखर्डूचा रंग काळा, लाली दिसत नव्हती. पण तिचा चेहरा उतरला.

"गरम आहे, मॅडम. उजव्यापेक्षा कडक लागतंय. कातडी शाबूत आहे. पहिली पायरी."

"चोळाल?"

"नाही. भार काढायचा."

"आता कुशीचं वेळापत्रक सांगा. कागद बघून."

मंजुळानं कागद हातात घेतला. ते अक्षर तिनंच शिकवलेलं. तिनं ओळखलं, वर बघितलं, मी दिसले. ती गप्प झाली.

"बोला. दहा वाजायचेत, आणि इथं बारापर्यंत वळवून झालंय. कागद खरा की कातडी?"

मंजुळा कागदाकडंच बघत राहिली. बाईंची पेन्सिल गुणांच्या वहीवर टेकली.  मी बदलीवरची आया, कायम नव्हते. एका शब्दात घरी बसले असते.

उखर्डूनं मला पाहिलं आणि तो हसला. "अक्का, कोठे गयथी वं? मी सकायपाइन असाच पडेल शे!"

सकाळपासून असाच पडलोय, हे ऐकून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं गेले. 

"बाई, ते मी लिहिलं. आधीच लिहून ठेवलं. आठला वळवलं नाही. पोरीचा दोष नाही."

 मग बाई मंजुळाकडं वळल्या. "अजून वेळ आहे. सांगा."

"कातडी खरी, मॅडम." तिनं कागद खाली ठेवला. "चार तास एकाच कुशीवर झाले. आता डावी बंद, पाठ बंद. उजव्या कुशीवर थोडं तिरकं, पाठीमागं उशी. मग डॉक्टरांना विचारून पालथं. दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी खुबा हातानं बघायचा."

"हे कागद हातात घेतल्याबरोबर बोलायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "गप्प राहिलात त्याचे गुण कापते. बाकीचे पुरतील."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "प्रत्येक खोट्या ओळीवर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

मी तीन रेघा मारल्या. बाई मेट्रनला सांगणार का, हे विचारायची हिंमत झाली नाही. मंजुळानं खांदा धरला, मी कंबर धरली, उखर्डूला उजवीकडं वळवलं. तो वळल्यावरच मी लिहिलं, दहा, उजवी. 

मग डाव्या खुब्याला हात लावून बघितला. अजून गरमच होता.