अप्पांचा मार्चातला दाखला

आमच्या अप्पांना घाई जन्मजात आहे. एसटी निघायच्या तासभर आधी ते स्टँडवर असतात. यंदा पाणी नाही म्हणून गल्लीत टँकर येतो, तर आमचे ड्रम उजाडायच्या आत रांगेत पहिले. त्यांचं नाव सांडू, पण एक थेंब कधी सांडू देत नाहीत.

त्याच घाईनं त्यांनी माझं नॉन-क्रिमीलेअरचं प्रमाणपत्र मार्चातच काढून आणलं. "मोनिका, मे महिन्यात लई गर्दी असती. आपलं आधीच झालं!" तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो म्हणून त्यांनी एकाच वर्षाचा लावला होता. वर लॅमिनेशनही करून आणलं. मला त्यांचा अभिमानच वाटला.

मे महिन्यात राज्याच्या परीक्षेचा अर्ज निघाला. भरायला मी सेतू केंद्रावर गेले, अप्पाही होतेच. केंद्र चालवणाऱ्या मुक्ताबाईंनी प्रमाणपत्र पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"सांडूभाऊ, हे चालायचं नाय."

"का नाय? दोन महिन्यांपूर्वीचंच हाय की!"

"तेच तर. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं अन् मार्चला संपतं. एकाच वर्षाचं उत्पन्न लावलं, म्हणून हे काढलं त्या वर्षापुरतंच. खाली बघा, एकतीस मार्चपर्यंत वैध. तुम्ही काढलं अन् ते संपलं."

अप्पांचा चेहरा पडला. नवं प्रमाणपत्र शेवटच्या तारखेच्या आत मिळालं नाही, तर मला ओबीसीतून अर्ज करता येणार नव्हता. खुल्या गटातून भरावा लागला असता, आणि गेल्या वेळी ओबीसीतूनसुद्धा माझी जागा दोनच गुणांनी हुकली होती. मला रडूच आलं.

"आता तीन वर्षांचं लावू," मुक्ताबाई म्हणाल्या. "नुकतंच संपलेलं वर्ष धरून. तिन्ही वर्षं मर्यादेत असली तर तीन वर्षं चिंता नाय."

अप्पांनी तलाठ्याला गाठलं, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला. मग अर्ज प्रांत कार्यालयात गेला आणि तिथं अडकून बसला. शेवटच्या दिवशी अप्पा सकाळपासून मुक्ताबाईंच्या केंद्रात बाकड्यावर बसले होते. दुपारी प्रांतसाहेबांची डिजिटल सही झाली. प्रमाणपत्र निघालं, त्यावर २०२७ च्या मार्चपर्यंतची वैधता. मी ते अपलोड केलं, अर्ज गेला. अप्पांनी डोळे पुसले आणि मुक्ताबाईंना चहा पाजला.

घरी आलो तर आई दारात उभी. "टँकर येऊन गेला! मी कामावर, रांगेत आपलं कुणी नव्हतं, ड्रम कोरडेच राहिले. आज पहिल्यांदा उशीर केला तुम्ही!"

मला वाटलं, अप्पा आता चिडतील. ते कोरड्या ड्रमावरच बसले आणि हसायला लागले.

"आशाबाई, पाणी उद्या भरू. पोरीचा अर्ज आजच भरायचा होता."